दुसरा भो

सातवीच्या सहलीचे कागद तपासायला घेतले. पहिल्याच कागदावर उत्तर होतं, "हा किल्ला शिलाहार राजा दुसरा भो याने बांधला." दुसऱ्या कागदावर तेच, तिसऱ्यावरही तेच. गठ्ठा संपेपर्यंत भो काही भोज झाला नाही. अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर जो माहितीफलक होता त्यावरचा 'ज' उन्हापावसानं उडालेला, आणि आमच्या पोरांनी तो उडालेलाच इमानेइतबारे खाली उतरवून आणला होता. वर्गात शिलाहार झाले होते, भोज राजा झाला होता. तरी 'भो' हे कसलं नाव, असा प्रश्न एकालाही पडला नाही.

पोरांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. कागदच तसा होता. किल्ल्याचे नाव काय, कोणी बांधला, कोणत्या शतकात, उंची किती, जुने नाव कोणते. शाळेत हा कागद वर्षानुवर्षं चालत आलेला. झेरॉक्सची झेरॉक्स काढून त्याची अक्षरंसुद्धा फुगली होती. या पाचही प्रश्नांची उत्तरं एकाच पाटीवर होती. त्यामुळे झालं असं की, एकानं पाटी मोठ्यानं वाचली, बाकीच्यांनी पाठीचं टेबल करून लिहून घेतली, आणि दहा मिनिटांत सगळे डबे उघडून मोकळे. महादरवाजा त्यांच्या मागं उभा होता. त्याच्याकडं बघायचं कारणच कागदानं दिलं नव्हतं.

तेव्हापासून प्रश्न लिहून झाला की मी त्याला एकच गोष्ट विचारते: याचं उत्तर शाळेच्या बाकावर बसून देता येईल का? पुस्तकातून, मोबाइलवरून, पाटीचा फोटो बघून देता येत असेल तर तो प्रश्न वाईट नाही, पण त्यासाठी पोरांना गड चढवायची गरज नाही. तो वर्गातच विचारावा. गडावर विचारायचा प्रश्न असा हवा की, ज्याचं उत्तर त्या दगडापाशी उभं राहिल्याशिवाय मिळत नाही, आणि शंका आली तर परत त्याच दगडापाशी जाऊन ते ताडून बघता येतं.

हे बोलायला सोपं आहे. लिहायला बसलं की हात पुन्हा 'कोणी बांधला'कडेच वळतो. म्हणून आधी एकटीनं गडावर जाऊन यावं लागतं. मी सकाळी चालायला जाणाऱ्या मंडळींबरोबर वर जाते, हातात वही घेऊन दरवाजापाशी बसते आणि कुठल्याही गोष्टीचं नाव न लिहिता फक्त दिसतं ते लिहिते. नावं माहीत असणं इथं आड येतं. 'देवडी' लिहिलं की आपलं बघणं संपतं. 'कमानीच्या आत दोन्ही हातांना ओटे, माणूस पाठ टेकून बसेल एवढे खोल, तिथून वाट दिसते' असं लिहिलं की प्रश्न आपोआप सुचायला लागतात.

दरवाजाचंच उदाहरण घेते, कारण सगळ्या गडात मला सगळ्यात जास्त तिथं सापडतं. वेळ कमी असेल तर बाकीचा गड सोडावा आणि दरवाजा धरावा, असं माझं मत आहे. माझ्या सहकाऱ्यांना ते पटत नाही. तळी, मंगळाईचं देऊळ, दक्षिण दरवाजा, सगळं 'दाखवून' झालं पाहिजे असं त्यांचं म्हणणं. दाखवून होतंही. पोरं चालून होतात.

पहिला प्रश्न दरवाजाच्या बऱ्याच अलीकडं, वाटेवरच असतो. 'दरवाजाची कमान पहिल्यांदा दिसली तिथं थांबा. तिथून दरवाजापर्यंत पावलं मोजा. तुम्ही चालत असताना वरून तुम्हाला कुठून कुठून बघता येईल? त्या जागा चित्रात फुल्यांनी दाखवा.' यात चित्र फार साधं असतं, वाटेची एक रेघ आणि दोन बुरुजांचे अर्धगोल, तेही मीच छापून दिलेले. मुलांनी फक्त फुल्या टाकायच्या. पूर्ण दरवाजाचं चित्र काढा म्हटलं की चित्रकला येणारी दोन पोरं काढतात आणि बाकीची त्यांचं बघून काढतात, पुन्हा उतरवणंच. फुली टाकायला मात्र मान वर करावी लागते. दरवाजा बुरुजांच्या बगलेत का बसवला असेल, हे मी विचारत नाही. फुल्या टाकून झाल्या की कुणीतरी आपणहून म्हणतंच, "बाई, इथं आलेला माणूस दोन्हीकडनं सापडतोय की."

दुसरा प्रश्न माझा सगळ्यात लाडका. जुन्या दरवाजांना आतून आडवा लाकडी अडसर लावायची सोय असे, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंच्या भिंतीत समोरासमोर चौकोनी भोकं ठेवलेली असत. लाकूड कधीच गेलं, भोकं बहुधा राहतात. प्रश्न एवढाच असतो: 'दोन्ही भिंतींतली चौकोनी भोकं शोधा. प्रत्येकात काठी घालून खोली मोजा. दोन्ही सारखी आहेत का? नसतील तर का नसावीत?' काठी मी बरोबर देते, तिच्यावर वितीवितीवर रंगाचे पट्टे मारलेले. हात घालायचा नाही, हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं. विंचू तिथं आपल्या आधीपासून राहत असतो.

हा प्रश्न सोडवताना पोरांचे आवाज कसे बदलतात ते ऐकण्यासारखं असतं. काठी एका बाजूला आत जातच राहते, जातच राहते. समोरच्या भोकात वीतभर गेली की खट्कन अडते.

"बाई, ह्ये भोक लई आत जातंय. पल्याडचं न्हाई जात."

"बुजलं आसंल पल्याडचं."

"बुजलं न्हाई, दगडच हाय बघ, वाजतोय."

मग जरा शांतता. मग कुणीतरी दोन्ही हात पसरून दरवाजाची रुंदी मापतं, आणि ते एकदम लक्षात येतं: खोल भोक जवळपास दरवाजाइतकंच लांब आहे. दार उघडं असताना अख्खा अडसर त्या भोकात सरकवून ठेवायचा. दार लावलं की तो बाहेर ओढायचा आणि त्याचं टोक समोरच्या उथळ भोकात अडकवायचं. एवढं जड लाकूड उचलून ठेवायला वेगळी जागा नको, दोन माणसं नकोत, ऐन वेळी शोधाशोध नको. हे मी सांगितलं असतं तर एका वाक्यात सांगून झालं असतं आणि तितक्याच वेळात विसरलं गेलं असतं.

इथं एक अडचण येते ती आधीच सांगते. सगळ्या दरवाजांना ही भोकं मिळतीलच असं नाही. डागडुजीत बुजवलेली असतात, कधी एकच बाजू उरलेली असते, कधी आत इतका कचरा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात की खोल भोकही उथळ वाटतं. म्हणून आधी स्वतः काठी घालून बघायची. दुसऱ्या गडाचा चांगला प्रश्न आपल्या गडावर तसाच नेला की हमखास फसतो. मग पोरं उत्तर 'जमवतात', आणि जमवायची सवय उतरवायच्या सवयीपेक्षाही वाईट.

तिसरा प्रश्न बुरुजावरचा, जंग्यांचा. तटात बंदुकीसाठी ठेवलेली ही निमुळती भोकं सगळ्यांनी पाहिलेली असतात आणि त्यातून डोकावून फोटोही काढलेले असतात. पाटीवर 'जंग्या: मारा करण्यासाठी' एवढं लिहिलं की विषय संपतो. मी लिहिते: 'एका जंगीला डोळा लावा. तुमचा जोडीदार बाहेर वाटेवरून चालेल. तो दिसेनासा झाला की "थांब" म्हणा. तो उभा आहे ती जागा दुसऱ्या कोणत्या जंगीतून दिसते?' जोडीदारानं चालायचं ते तटाच्या कडेनं नव्हे, मळलेल्या वाटेवरून, आणि तिथं एक शिक्षक उभा हवा. खेळच होतो तो. पण खेळता खेळता कळतं की एक जंगी अगदी थोडं बघते, तिच्या शेजारची तिच्या आंधळ्या जागेवर नजर ठेवते, काही समोर बघतात आणि काही खाली उतरत्या कापलेल्या असतात, म्हणजे तटाच्या अगदी पायाशी आलेला माणूसही सुटू नये. एका पोरीनं लिहिलं होतं, "प्रत्येक जंगीला शेजारीण लागते." तिला मी पैकीच्या पैकी मार्क दिले. जंगी आतून रुंद आणि बाहेरून अरुंद का, हा प्रश्न मी कागदावर घातलेलाच नव्हता. तिनं तोही काढून त्याचं उत्तर लिहिलं होतं.

तीन प्रश्नांत तासभर सहज जातो. म्हणून एका कागदावर चार, फार तर पाच प्रश्न. पंधरा प्रश्न दिले की पोरं पहिल्या प्रश्नापासूनच उरकायला लागतात. चौघांत एक कागद: एक लिहिणार, एक मोजणार, एक बघून सांगणार, आणि चौथा परत जाऊन खरं आहे का ते तपासणार. या चौथ्याला बाकीचे तिघे वैतागतात, पण सगळ्यात जास्त शिकतो तो. गट वेगवेगळ्या प्रश्नांपासून सुरू करायचे, नाहीतर पन्नास पोरं एका भोकापाशी. आणि पहिली दोन मिनिटं पेन्सिली माझ्याकडं. नुसतं बघायचं. त्या दोन मिनिटांत पोरं इतकी अस्वस्थ होतात की बघवत नाही. शाळेनं त्यांना लिहिल्याशिवाय बघायला कधी सांगितलेलंच नसतं.

आता तटाचा प्रश्न. हा अवघड आहे आणि अजूनही माझ्या मनासारखा जमलेला नाही, पण सोडवत नाही. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं साताऱ्याच्या या गडाला वेढा घातला. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. एप्रिल १७०० मध्ये मुघलांनी तटाखाली सुरुंग उडवले. एकानं तट आत ढासळून गडावरची माणसं गाडली गेली, प्रयागजींना ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. दुसऱ्या सुरुंगानं तटाचे दगड बाहेर, चढून यायला तयार बसलेल्या मुघल सैन्यावरच कोसळले. पुढं त्याच महिन्यात गड गेला आणि त्याचं नाव आझमतारा झालं. ही गोष्ट वर्गात सांगितली की पोरं थरारतात, आणि गडावर आल्यावर त्यांना पडका तट दिसला की प्रत्येक खिंडार त्याच सुरुंगाचं वाटतं.

म्हणून प्रश्न असा ठेवला: 'तटाचा सुमारे दहा पावलांचा तुकडा निवडा. त्यात किती प्रकारचं बांधकाम दिसतं? दगडांचा आकार, सांधे, सांध्यांत भरलेला माल बघा. कोणता भाग आधीचा, कोणता नंतरचा? कशावरून?' आणि खाली एक ओळ, मुद्दाम: 'काय सांगता येत नाही?'

पोरांचं बघणं इथं खरंच धारदार होतं. एका भागात घडीव चिरे, सांध्यांत पांढरट चुना, नखानं खरवडला की भुकटी. शेजारी ओबडधोबड दगड एकमेकांत बसवलेले, मधे मालच नाही. आणखी पुढं करडा, गुळगुळीत, कडक थर. तो सिमेंटचा, हे गवंड्याच्या पोरानं क्षणात सांगितलं, आणि त्याच्या घरच्या ओसरीला तसंच भरलंय हेही. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं. म्हणजे जिथं ते आहे तो हात औरंगजेबाच्या वेढ्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी, बहुधा अगदी अलीकडं फिरलेला आहे. एवढं पक्कं. पण ओबडधोबड भाग वेढ्यानंतर घाईघाईनं उभारला की तो गुराख्यांनी रचलेला गडगा आहे, हे दगड बघून सांगता येत नाही. ते 'काय सांगता येत नाही'खाली गेलं पाहिजे. तिथं लिहायला पोरांना जीवावर येतं. उत्तर नाही असं लिहिलं तर मार्क जातात, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. मी तिथंच एक मार्क ठेवलाय.

कोनाड्यांचंही तसंच. दरवाजाच्या आत एखाद्या कोनाड्याच्या वर काळा डाग दिसला की 'इथं दिवा लावत' असं सगळे लिहितात. बघणं बरोबर, अंदाजही चांगला. पण मागच्याच शनिवारी मुक्कामाला आलेल्या मंडळींनी तिथं चूल मांडली नसेल कशावरून? काजळी फक्त दिव्याजोगी कोनाड्याच्या माथ्यावर आहे, की खालपासून भिंतभर पसरली आहे, ते बघितल्याशिवाय सांगायचं नाही. हा मुद्दा मी सांगितला तेव्हा एक गट निमूटपणे परत गेला. येऊन म्हणाला, "बाई, खाली मॅगीचा कागद हाय." तो गट त्या दिवशीचा सर्वोत्तम.

तपासताना मी उत्तर बरोबर आहे का हे शेवटी बघते. कागदावर तीन रकाने असतात: काय दिसलं, त्यावरून काय वाटतं, कशावरून. मधला रकाना चुकला तरी पहिला आणि तिसरा खरे असतील तर मार्क मिळतात. मधला बरोबर आणि बाकी दोन्ही कोरे असतील तर ते कुठून तरी उतरवलेलं आहे हे समजून जावं. आणि 'तुम्हाला काय वाटले?' असा मोकळा प्रश्न कधी घालू नये. त्याला एकच उत्तर येतं: 'मला खूप छान वाटले.'

वस्तुसंग्रहालयात हे सगळं जास्त कठीण जातं. तिथं काच असते, काठी घालता येत नाही, आणि प्रत्येक वस्तूखाली एक पाटी टपून बसलेली असते. पोरांचे डोळे वस्तूवरून घसरून पाटीवर जातात, तुमचेआमचेही जातात. औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात मी पाटीऐवजी उजेडापासून सुरुवात केली. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं हे संग्रहालय बांधतानाच चित्रांना वरून नैसर्गिक उजेड मिळेल अशी सोय केलेली आहे. प्रश्न: 'चित्रावर उजेड कुठून पडतो ते शोधा. एकाच चित्रासमोरून डावीकडून उजवीकडं चाला; कुठं उभं राहिलं की ते नीट दिसतं आणि कुठून चमकतं?' याचं उत्तर कुठल्याही पाटीवर नाही. आणि चमक टाळायला पोरं तिथं इतकी मागंपुढं होतात की तेवढ्यात चित्र बघून होतंच.

पाटी वाचायची, पण शेवटी, आणि तीही तपासायला घेतलेल्या कागदासारखी. याला साताऱ्यातच एक नामी उदाहरण चालून आलं. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं इथल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात काही महिन्यांसाठी आली. गर्दी लोटली. वस्तू बघून काय कळतं, ते आधी विचारलं: अंगठ्या कोणत्या बोटांत बसतील, हात मिटला तर नखं दिसतील का, समोरच्याला मिठी मारताना ती कुठल्या बाजूला असतील? मुलांनी हवेत हात फिरवून सोडवलं. पुढं पाटीचा भाग. ही वाघनखं साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफकडून इंग्लंडात गेली. ती ज्या पेटीत आहेत तिच्यावरच्या इंग्रजी मजकुराचा अर्थ असा, की शिवाजीनं याच वाघनखांनी मुघल सेनापतीला मारलं आणि ती पेशव्याच्या प्रधानानं डफला दिली. हे मी फळ्यावर लिहून दिलं आणि विचारलं, यातलं काय वस्तूत दिसतं, काय दिसत नाही, आणि काय तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टीशी जुळत नाही?

'मुघल' या शब्दाखाली पहिली रेघ मारली ती त्याच वर्गातल्या एकानं, जिथून मला दुसऱ्या भोचे गठ्ठाभर कागद आले होते. अफझलखान आदिलशाहीचा, विजापूरचा सरदार, हे चौथीपासून पाठ. मग ही पेटी त्याला मुघल का म्हणते? लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं, की त्याला सगळे सारखेच? आणि एवढं चुकलं असेल तर बाकीचं वाक्य किती धरायचं? खुद्द त्या संग्रहालयानंही ही तीच वाघनखं आहेत याची खात्री करता आलेली नाही, असंच म्हटलेलं आहे, हे मी त्यानंतर सांगितलं. वर्गात गलका झाला. काहींना राग आला, काहींचं म्हणणं पडलं की पेटी चुकली म्हणून वाघनखं खोटी ठरत नाहीत. तेही बरोबर. दोन्ही बाजू फळ्यावर 'कशावरून'च्या रकान्यात लिहिल्या, आणि डफ साताऱ्यात कधी होता, त्याला ती नेमकी कुणी दिली असेल, हे शोधायला पोरं ग्रंथालयात गेली. पुढच्या सहलीच्या कागदावर पाचवा प्रश्न आता तोच आहे: 'पाटी वाचा. तिच्यातल्या कोणत्या वाक्याला तुम्ही पुरावा मागाल?' फलकावर 'ज' अजून उडालेलाच आहे. तो मी मुद्दाम दुरुस्त करायला सांगितलेला नाही.